रेंज २२५ दाखवते, जायचंय १२० किमी, तरी घाटावरच्या चार्जरला पोचेपर्यंत दर वेळी ८-११ टक्केच का उरतात

हा प्रॉब्लेम मला दोनदा आला, तोही सेम रस्त्यावर, त्यामुळे पहिल्यांदा वाटलं की इलेक्ट्रिक गाडीची बॅटरीच गेली, सर्व्हिस सेंटरला दाखवली, त्यांनी लॅपटॉप लावून सगळं नॉर्मल आहे म्हणून सांगितलं. बॅटरी खरंच नॉर्मल होती. चूक माझ्या हिशोबात होती. ज्यांना प्लेन रस्त्यावर कधीच त्रास होत नाही पण डोंगराकडे गेलं की दर ट्रिपला शेवटचे २० किमी एसी बंद करून घाम पुसत काढावे लागतात त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी केस सांगतो म्हणजे पुढचे आकडे समजतील. गाडीची वापरता येणारी बॅटरी ४० युनिटची. युनिट म्हणजे तेच, आपल्या लाईटच्या मीटरवर येतं ते. चार माणसं आणि सामान धरून गाडीचं एकूण वजन साधारण १९०० किलो. पहिल्या चार्जरवरून ८० टक्क्यांवर निघायचं, ८० किमी हायवे, मग ४० किमी घाट, आणि वरती दुसरा चार्जर. एकूण १२० किमी. निघताना डिस्प्ले दाखवतो २२५ किमी. म्हणजे १०५ किमी शिल्लक राहणार, कोण कशाला टेन्शन घेईल. पहिल्या वेळी वर पोचलो तेव्हा ११ टक्के होते, दुसऱ्या वेळी ८. आणि दोन्ही वेळा घाटाच्या पायथ्याला एक चार्जर होता त्याच्यासमोरून न थांबता गेलो कारण तिथे स्क्रीनवर ४० टक्के आणि ९२ किमी दिसत होतं आणि पुढचं अंतर फक्त ४०. ९२ मधून ४० गेले तरी ५२ उरतात ना. नाही उरत, तेच सांगतोय.

पहिली गोष्ट, डिस्प्लेवरचा किमीचा आकडा हा पुढच्या रस्त्याबद्दल काही सांगतच नाही, तो मागच्या रस्त्याबद्दल सांगतो. बहुतेक गाड्या मागच्या काही किलोमीटरमध्ये किती वीज खाल्ली त्याची सरासरी काढतात आणि उरलेल्या युनिटला तिने भागतात, झाली रेंज. आदल्या दिवशी शहरात हळूहळू फिरलात की दुसऱ्या दिवशी सकाळी रेंज मस्त दिसते. घाट उतरून आलात की अजूनच मस्त. आणि चढ सुरू झाला की १० किमी चालल्यावर तोच आकडा ३० ने कमी होतो आणि माणूस घाबरतो. काही नव्या गाड्यांमध्ये नॅव्हिगेशनला ठिकाण टाकलं तर रस्त्याची उंची धरून पोचताना किती टक्के उरतील ते सांगतात, तो आकडा बराच बरा असतो, पण ठिकाण टाकलं तरच. नुसता मीटरवरचा किमी म्हणजे अंदाज, आणि तोही कालचा. म्हणून मी आता ट्रिपला तो आकडा बघतच नाही, स्क्रीनवर फक्त टक्के ठेवतो. टक्क्यांचे युनिट करता येतात, किमीचं काहीच करता येत नाही.

आता चढाचा हिशोब. हे शाळेतलं फिजिक्स आहे पण घाबरू नका, एकच ओळ आहे:

```
E (kWh) = m (kg) × 9.81 × h (m) ÷ 3600000
```

१९०० किलो, १०० मीटर उंची टाका, ०.५२ युनिट येतात. हे झालं चाकापाशी. बॅटरीतून मोटरपर्यंत आणि मोटरमधून चाकापर्यंत थोडं वाया जातं, ते धरून ०.६ म्हणा. म्हणजे माझ्या गाडीला १०० मीटर वर चढायला ०.६ युनिट, ४० युनिटच्या बॅटरीत ते दीड टक्का. लक्षात ठेवायला सोपं असं की गाडीच्या दर टनाला १०० मीटर चढायला ०.३ युनिट. अडीच टनाची मोठी एसयूव्ही असेल तर पाऊण युनिट. आणि हे सगळं त्या रस्त्याच्या नेहमीच्या खाण्याच्या वर, जास्तीचं. हा मुद्दा बरेच जण विसरतात, ते म्हणतात चढावर माझी गाडी डबल खाते, पण डबल वगैरे असं काही फिक्स नसतं, तेवढीच उंची १० किमीत चढलात तर किमीमागे आकडा भयानक दिसेल आणि ४० किमीत चढलात तर साधा दिसेल, पण उंचीचं बिल दोन्हीकडे सेमच लागतं. त्यामुळे किलोमीटर वेगळे मोजायचे आणि मीटर वेगळे मोजायचे.

अजून एक गैरसमज म्हणजे चढावर एकदम हळू गेलं की वाचते. उंचीचं जे आहे ते वेगावर अवलंबून नाही, २० ने चढा नाहीतर ५० ने, ते ०.६ लागणारच. हळू गेल्याने हवेचा विरोध कमी होतो एवढंच, आणि घाटात तसंही वेग कमीच असतो म्हणून तिथे वाचण्यासारखं फार काही नसतं. उलट खूपच रेंगाळलात तर एसी जास्त वेळ चालतो. वाचवायचं असेल तर ते खालच्या हायवेवर, १०० ऐवजी ८० ने.

उंची कुठून काढायची? दोन ठिकाणांच्या उंचीतला फरक काढून चालत नाही, मी पहिल्यांदा तेच केलं होतं. माझ्या रस्त्याचा निव्वळ फरक ९०० मीटर. पण मधल्या ८० किमी हायवेवर रस्ता चढतो उतरतो चढतो उतरतो, आणि ते सगळे चढ बेरीज केले तर ४०० मीटर चढ आणि ४०० मीटर उतार निघाला, जो निव्वळ फरकात दिसतच नाही. म्हणजे एकूण चढ १३०० मीटर. कॉम्प्युटरवर Google Earth Pro मध्ये रस्त्यावर पाथ काढून सेव्ह केला की त्यावर राईट क्लिक करून Show Elevation Profile येतं, त्यात एकूण चढ आणि एकूण उतार दोन्ही दिसतात. एक सांगतो, तो पाथ नीट रस्त्यावरून काढा, वळणं कापून सरळ रेघ मारली तर रेघ डोंगराच्या सोंडेवरून जाते आणि आकडा फुगतो. बोगदा असेल तिथेही तेच, जमिनीची उंची धरतो, बोगद्याची नाही.

उताराचं काय, परत मिळतं ना? मिळतं, पण सगळं नाही आणि सगळीकडे सारखं नाही. उतार अगदी सौम्य असेल, समजा १०० मीटर रस्त्याला २ मीटर, तर ८० च्या वेगाला माझी गाडी जवळजवळ स्वतःच्या वजनाने चालते, खातही नाही आणि भरतही नाही. हा सगळ्यात फायद्याचा उतार, कारण वीज बॅटरीत जाऊन परत येण्याचा जो लॉस आहे तो होतच नाही. त्याच्यापेक्षा तीव्र उतार असेल तेव्हा रिजेन चालू होतं, म्हणजे मोटरच गाडी मंदावत वीज बनवते, आणि जास्तीचं बॅटरीत जातं, त्यात येता जाता थोडं थोडं गळतं. मी सरसकट उंचीच्या ६० टक्के परत धरतो, म्हणजे १०० मीटर उतरलं की ०.३ युनिट. थोडं हात राखून आहे, पण प्लॅन करताना उताराच्या भरवशावर राहायचं नसतं.

आता पूर्ण ट्रिपचा हिशोब मांडतो, दुसऱ्या वेळचा, जेव्हा ८ टक्क्यांवर पोचलो.

प्लेन रस्त्यावर ८०-८५ ने गेलं की माझी गाडी १०० किमीला १५ युनिट खाते, एसी न धरता. १२० किमीला झाले १८ युनिट. डिस्प्लेचा हिशोब इथेच संपतो, किंबहुना त्याने थोडं कमीच धरलं होतं कारण आदले चार दिवस गाडी शहरातच फिरत होती. पण हायवेवर मी ८० किमीतले ६० किमी १०० ने गेलो, रस्ता मोकळा होता, मागची गाडी हॉर्न देत होती, कारणं काय सांगायची. १०० ला माझी गाडी १८ च्या आसपास खाते, म्हणजे ६० किमीला १.८ युनिट जास्त. हायवेच्या चढउतारात ४०० मीटर चढ म्हणजे २.४ गेले आणि उतरताना १.२ आले, निव्वळ १.२. एसी गरमीत तासाला साधारण १ युनिट खातो, तो एक तास. पायथ्यापर्यंतची बेरीज करा, १२ अधिक १.८ अधिक १.२ अधिक १, झाले १६ युनिट, म्हणजे ४० टक्के. ८० मधून ४० गेले, पायथ्याला ४० उरले. स्क्रीनवर तेवढेच होते.

आणि इथे ट्रॅप आहे. ४० टक्के म्हणजे १६ युनिट, आणि गाडी मागच्या हायवेची सरासरी घेऊन म्हणते ९२ किमी जाशील. पण पुढच्या ४० किमीत काय आहे बघा. रस्त्याचे ६ युनिट, ९०० मीटरचे ५.४, आणि घाटात सव्वा तास लागतो म्हणून एसीचे १.२. एकूण १२.६ युनिट, म्हणजे साडे एकतीस टक्के. ४० मधून ते गेले की उरतात साडेआठ. मी ८ वर पोचलो. घाटात वेग कमी म्हणून रस्त्याचे ६ युनिट थोडे जास्त धरलेत असं कोणी म्हणेल, पण ट्रकमागे थांबणं, परत पिकअप घेणं यात ते जातात, मी १५ चाच रेट ठेवतो.

म्हणजे बॅटरी एकदम ठणठणीत होती, तिने जे खायला पाहिजे तेवढंच खाल्लं. अर्ध्या घाटात २४ टक्के आले आणि डिस्प्लेवर ३८ किमी दिसायला लागले तेव्हा बायको म्हणाली, "अहो, मघाशी ९२ होते ना?" मी काहीच बोललो नाही, एसी बंद केला. उरलेल्या २० किमीत एसी बंद करून वाचतात दीड टक्का, पण मनाला बरं वाटतं.

आता मार्जिनचं. सगळे म्हणतात १५ टक्के ठेवा, २० टक्के ठेवा, पण का तेवढेच हे कोणी सांगत नाही. माझ्या मते मार्जिन म्हणजे टक्क्यांचा ठरलेला आकडा नाहीच, मार्जिन म्हणजे वरचा चार्जर बंद निघाला तर पुढच्या चार्जरला पोचायला लागणारे टक्के अधिक खाली ५ टक्के न वापरायचे. चार्जर बंद निघणं ही काय दुर्मिळ गोष्ट नाही, ॲपवर हिरवा दिसतो आणि तिथे गेलं की स्क्रीन काळी, किंवा गन लावली की अर्ध्या मिनिटात एरर, किंवा साधी पेट्रोलची गाडी पार्क करून मालक गायब. तर वरचा बंद असेल तर कुठे जाणार, हे निघण्याआधी ठरवायचं.

माझ्याकडे दोन पर्याय होते. एक, पुढे ३० किमीवर अजून एक चार्जर, रस्ता वरखाली, २०० मीटर चढ आणि २०० उतार. दुसरा, आल्या वाटेने ४० किमी मागे, पायथ्याचा. कोणीही म्हणेल ३० किमीचाच जवळचा. हिशोब करू. पुढे जायला रस्त्याचे साडेचार, चढाचे १.२, उताराचे परत ०.६, एसीचे ०.९, झाले ६ युनिट, १५ टक्के. मागे खाली यायला रस्त्याचे ६, एसीचा १, आणि ९०० मीटर उतरताना परत २.८, म्हणजे निव्वळ ४.२ युनिट, साडेदहा टक्के. किलोमीटरने लांब असलेला चार्जर बॅटरीने जवळ आहे! घाटावर जाताना बॅकअप नेहमी खाली बघायचा, हे मला त्या ८ टक्क्यांनी शिकवलं. त्या दिवशी वरचा चार्जर बंद असता तर ८ टक्क्यांत मी ना पुढे पोचलो असतो ना मागे, हे घरी येऊन कागदावर मांडल्यावर कळलं आणि मग जरा पोटात गोळा आला.

म्हणजे वर पोचताना साडेदहा अधिक ५, धरा १६ टक्के पाहिजेतच. त्यावर वारा, पाऊस, ट्रॅफिक यांच्यासाठी अजून ४-५. म्हणजे २० वगैरे. समोरून वारा असेल तर हलक्यात घेऊ नका, २० किमीचा वारा समोरून आणि तुम्ही ८० ने, तर गाडीला हवा १०० ने गेल्यासारखीच लागते. आणि थंडीत हीटर एसीपेक्षा बराच जास्त खातो, साधा हीटर असेल तर तासाला २-३ युनिट सुद्धा, तेव्हा तो आकडा आपल्या गाडीप्रमाणे बदला.

वर २० पाहिजेत आणि घाट साडे एकतीस खातो, म्हणजे पायथ्याला ५२ पाहिजेत. माझ्याकडे ४० होते. १२ टक्के कमी, बस्स, एवढाच सगळा प्रॉब्लेम.

हे १२ टक्के कुठून आणायचे यात पण लोक चुकतात. पहिला विचार येतो की निघतानाच ८० ऐवजी ९२ करून निघू. करता येतं, पण फास्ट चार्जरवर ८० च्या पुढे गाडी स्वतःच स्पीड कमी करते, बॅटरी जपण्यासाठी, आणि माझ्या गाडीला ८० ते ९२ ला २५ मिनिटं लागली होती. पायथ्याला ४० वर गन लावली तर तिथे बॅटरी भराभर घेते, ३० किलोवॅटने जरी मिळालं तरी १५ टक्के म्हणजे ६ युनिट १२ मिनिटांत. गाडी लावणं, ॲप उघडणं, ओटीपी येणं धरून २० मिनिटं म्हणा. तरी कमीच. आणि अजून एक फायदा आहे, पायथ्याला थांबलात की तो चार्जर चालू आहे की नाही हे तुम्ही स्वतः बघितलेलं असतं, आणि तोच तुमचा बॅकअप आहे. ॲपवरच्या हिरव्या टिंबावर भरवसा ठेवायची गरज नाही. घरून निघताना रात्रभर स्लो चार्ज करणार असाल तर मात्र १०० करून निघा, तिथे वेळेचा प्रश्न नाही.

पायथ्याला चार्जरच नसेल तर? मग हायवेवर ८० ने चला, माझ्या केसमध्ये त्याने १.८ युनिट म्हणजे साडेचार टक्के वाचले असते, आणि उरलेलं मागच्या चार्जरवरच जास्त भरून घ्या, कंटाळा आला तरी.

ज्यांना कागदावर नको असेल त्यांनी A Better Routeplanner वापरा, त्यात रस्त्याची उंची धरलेली असते. पण त्यात गाडी निवडून तसंच सोडू नका. पोचताना किमान किती टक्के पाहिजेत ते सेटिंग असतं तिथे आपला आकडा टाका, आपल्या गाडीचं खरं कन्झम्प्शन टाका, जास्तीचं वजन टाका. माझ्या एका मित्राने सगळं डीफॉल्टवर ठेवलं होतं आणि मग म्हणाला ॲप चुकतं. तरीपण कुठलंही ॲप वापरा, पायथ्याचा आकडा मात्र हाताने काढा, कारण रेंज नसलेल्या ठिकाणी ॲप चालत नाही (मोबाईलची रेंज म्हणतोय).

तुमचं नेमकं काय चुकतंय हे कसं ओळखायचं

पुढच्या ट्रिपला एवढंच करा, निघताना, पायथ्याला आणि वर, तीन ठिकाणी टक्के आणि ट्रिप मीटर लिहून ठेवा. शेजारी बसलेल्याला काम द्या, गाडी चालवताना तुम्ही लिहू नका. मग हिशोबाशी ताडून बघा.

पायथ्यालाच हिशोबापेक्षा ५-६ टक्के कमी असतील तर घाटाचा दोष नाही, तो वेग, वारा, एसी किंवा टायर. टायरमधली हवा बघा, लोड घेऊन जाताना किती ठेवायची ते दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं आणि ते बऱ्याचदा रोजच्यापेक्षा जास्त असतं. टपावर कॅरिअर असेल तर तेही, रिकामं कॅरिअर सुद्धा हायवेला खातं.

पायथ्यापर्यंत बरोबर आणि घाटातच जास्त गेलं, तर एकतर उंचीचा आकडा चुकलाय, मधले चढ मोजले नाहीत, नाहीतर वजन कमी धरलंय. कंपनीच्या ब्रोशरमधलं वजन हे रिकाम्या गाडीचं असतं, त्यात पाच माणसं आणि डिकी भरली की ४०० किलो सहज वाढतात.

तिसरा प्रकार जरा वेगळा आहे आणि तो घाबरवणारा आहे. टक्के हळूहळू न जाता एकदम पडतात, १४ होते आणि दोन किमीत ७ झाले. असं झालं तर ते खाणं नाही, ते मोजणं चुकलेलं आहे. एलएफपी बॅटरी असलेल्या गाड्यांत हे जास्त दिसतं, कारण त्या बॅटरीचा व्होल्टेज मधल्या सगळ्या भागात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवरून ५० टक्के आहे की ६० हे गाडीला नीट कळत नाही, ती आत गेलेली बाहेर आलेली वीज मोजत बसते आणि त्यात रोज थोडी थोडी चूक साचते. महिनोन्‌महिने ३० ते ८० मध्येच फिरवत राहिलात तर ती चूक वाढत जाते. उपाय म्हणजे स्लो चार्जरवर १०० पर्यंत जाऊ द्यायचं, आणि १०० दिसलं की लगेच वायर काढायची नाही, गाडी स्वतःहून थांबेपर्यंत लावून ठेवायची. किती दिवसांनी करायचं ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहे, त्याप्रमाणे करा. ट्रिपच्या आदल्या रात्री केलं की सगळ्यात उत्तम. दुसऱ्या प्रकारची बॅटरी असेल, एनएमसी, तर रोज १०० करायची गरज नाही, फक्त ट्रिपच्या दिवशी.

बाकी १० टक्क्यांच्या खाली बऱ्याच गाड्या पॉवर कमी करतात, काहींमध्ये कासवाचं चित्र येतं. प्लेनवर फरक जाणवत नाही पण चढावर, मागे ट्रक आणि पुढे वळण, तेव्हा पॅडल दाबूनही गाडी हलत नाही ही गोष्ट अनुभवायची नसेल तर घाट संपायच्या आत १० च्या खाली जाऊ नका. म्हणूनच ते खालचे ५ टक्के मी हिशोबात धरतच नाही.

तिसऱ्या वेळी पायथ्याला थांबलो. तिथे ४२ होते, यावेळी जरा सांभाळून चालवली होती, ५७ वर गन काढली. वर पोचलो तेव्हा २४. आणि अंदाज करा, वरच्या चार्जरची एक गन बंद होती आणि दुसऱ्यावर गाडी लागलेली, तिचे ५० मिनिटं बाकी. आधीच्या दोन ट्रिपला हेच झालं असतं तर काय, तो विचार नको. आम्ही तिथेच पाय मोकळे करत फिरलो, कारण खाली जायला पुरतील एवढे टक्के होते हे माहीत होतं.

परतीचं एक राहिलं. वर मुक्काम असेल आणि तिथे रात्रभर स्लो चार्जिंग मिळत असेल तर मोह होतो १०० करायचा. करू नका, ८०-८५ ला थांबवा. बॅटरी भरलेली असली की रिजेनला वीज टाकायला जागाच नसते, गाडी रिजेन कमी करते किंवा बंद करते, आणि रोज पॅडल सोडलं की जी गाडी आपोआप मंदावायची ती उतारावर नुसती सुटते. पहिल्या वळणावर दचकायला होतं. मग ४० किमी ब्रेकवर उतरायचं, ब्रेक तापणार, आणि वर मिळणारी वीजही गेली. मी ८४ वर निघालो. घाटातला जो तीव्र २० किमीचा उतार आहे तेवढ्यात ८४ चे ८८ झाले, आणि तिथे डिस्प्लेने मला ४१० किमी रेंज दाखवली. फोटो काढून ठेवलाय.